हजेरीपत्रकातून निघालेला शाळा सुधार आराखडा : कापसाच्या गावातल्या शाळेसाठी

मी विदर्भातल्या एका कापूस पिकवणाऱ्या गावात जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेची मुख्याध्यापिका आहे. पहिली ते पाचवी, पट ६३, शिक्षक माझ्यासह तीन. मीही वर्ग घेते. शाळा विकास आराखडा आम्हाला नवीन नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २२ नुसार शाळा व्यवस्थापन समितीनं तो करायचा असतो, तीन वर्षांचा, त्यात प्रत्येक वर्षाचा वेगळा भाग. बहुतेक शाळांच्या फाइलीत तो असतो. त्यात कुंपण असतं, किचन शेड असतं, संगणक असतो आणि शेवटी एक ओळ असते, ‘विद्यार्थ्यांची उपस्थिती वाढवणे व अप्रगत विद्यार्थ्यांना प्रगत करणे’. या एका ओळीचा खरा आराखडा कसा करायचा, एवढंच इथं सांगते. बांधकामाच्या भागाकडे मी वळणार नाही.

आधी हजेरी खरी आहे का ते बघा

सगळा आराखडा हजेरीपत्रकावर उभा राहणार आहे, म्हणून पहिलं काम तेच. आपल्याकडे मुलगा दोन-तीन दिवस आला नाही तरी हात जरा सैल सोडून ‘उपस्थित’ लिहिण्याची सवय असते. कारणं वाईट नसतात. पोराचं नाव मागे पडू नये, आईबापाला बोल लागू नये असं वाटतं. पण त्या एका खुणेनं ते मूल कागदावर शाळेत बसतं आणि प्रत्यक्षात शेतात असतं, आणि त्याच्यासाठी कोणी काही करत नाही.

खात्री करायची सोपी रीत आहे. मागच्या वर्षातले कोणतेही दहा दिवस निवडा, त्यात दोन बाजाराचे दिवस घ्या आणि दोन डिसेंबरातले. त्या दिवसांची हजेरीपत्रकातली संख्या आणि पोषण आहाराच्या नोंदवहीतली जेवलेल्या मुलांची संख्या शेजारी शेजारी लिहा. मग खिचडी शिजवणाऱ्या ताईंना विचारा, बाजाराच्या दिवशी तांदूळ किती टाकता. त्यांचा अंदाज सहसा चुकत नाही. तिन्ही आकडे जुळत नसतील तर जुन्या हजेरीवर आराखडा करू नका. जुलैपासून दोन महिने खरी हजेरी घ्या आणि मग बसा.

आम्ही हजेरी दोनदा घ्यायला लागलो, प्रार्थनेनंतर आणि जेवणानंतर. जेवणानंतरची फक्त साध्या वहीत. तेव्हा कळलं की मंगळवारी, आमच्या बाजाराच्या दिवशी, दुपारी आठ-दहा मुलं कमी असतात. अधिकृत हजेरीत ती कधी दिसलीच नसती.

सरासरी बाजूला ठेवा, एकेका मुलाचा महिना बघा

मागच्या वर्षी शाळा २१८ दिवस भरली आणि सरासरी उपस्थिती ८४ टक्के निघाली. आमच्या केंद्रातल्या शाळांच्या बैठकीत हा आकडा सांगितला की कोणी काही विचारत नाही. पण हाच आकडा मुलामुलांत वाटून बघा. दुसरी ते पाचवीत आमची ४६ मुलं होती. (पहिलीची १७ नवीन, त्यांचं मागचं हजेरीपत्रक नसतं.) त्यातली २१ मुलं ९० टक्क्यांच्या वर आली, ११ मुलं ८० ते ९० च्या मध्ये. उरलेली १४ त्याखाली होती, त्यातली सहा तर ७० टक्क्यांच्याही खाली. म्हणजे गैरहजेरीचं ओझं सगळ्यांत सारखं वाटलेलं नव्हतं. ते या चौदा मुलांच्या अंगावर होतं. यातलं प्रत्येक मूल वर्षात ४४ किंवा त्याहून जास्त दिवस आलं नव्हतं.

या चौदा जणांची एकेकाची महिनावार हजेरी एका मोठ्या कागदावर उतरवा. संगणकावर करायची गरज नाही. हाताने उतरवताना जे दिसतं ते छापील तक्त्यात दिसत नाही. एका मुलीचं उदाहरण देते. ती तेव्हा तिसरीत होती, आता चौथीत आहे. जुलैत २६ पैकी २४ दिवस, ऑगस्टमध्ये २३ पैकी २१, सप्टेंबरमध्येही २१. ऑक्टोबरात १८ पैकी ११, नोव्हेंबरात १५ पैकी ६, डिसेंबरात २४ पैकी ९, जानेवारीत २३ पैकी १४. फेब्रुवारीत पुन्हा २३ पैकी २१. जून, मार्च, एप्रिल धरून तिची वर्षाची हजेरी १६७ दिवस, म्हणजे ७७ टक्के. बरी वाटते. पण ऑक्टोबर ते जानेवारीचे ८० दिवस वेगळे काढले तर ती बरोबर ४० दिवस आली होती. अर्धेच.

आणि ती का आली नाही हे गावात कोणालाही विचारा. सोयाबीनची सोंगणी, मग कापसाची वेचणी. आई वेचणीला जाते आणि दीड वर्षाचा भाऊ हिच्या काखेत असतो.

मला आराखड्यातली खरी गोष्ट इथं सापडली. कापूस दरवर्षी त्याच महिन्यांत फुटतो, आणि आपणही दरवर्षी त्याच महिन्यांत पुस्तकाची तीच पानं शिकवतो. त्यामुळे ही मुलं दरवर्षी तीच पानं चुकवतात. दुसरीत जोडाक्षरांचा सराव याच काळात झाला तेव्हा ती नव्हती. तिसरीत हातच्याची वजाबाकी झाली तेव्हाही नव्हती. फेब्रुवारीत ती परत आली तेव्हा वर्ग गुणाकार-भागाकारावर गेला होता. आपण तिला ‘कच्ची’ म्हणतो. तिच्या वहीत कच्चेपण सगळीकडे नव्हतं. ठरावीक ठिकाणी भोकं पडलेली होती आणि त्या प्रत्येक भोकाला तारीख होती.

मग कारणं, आणि ती घरी जाऊनच

चौदा घरी गेल्याशिवाय कारणाच्या रकान्यात काही लिहू नका. ‘पालकांची उदासीनता’ हे शब्द आराखड्यात कुठेही येऊ देऊ नका, कारण त्यावर करता येण्यासारखं काहीच नसतं. जायची वेळ संध्याकाळी सात-साडेसात. दुपारी घरात कोणी नसतं, आणि मजूर माणसाला दुपारी शाळेत बोलावणं म्हणजे त्याची रोजी बुडवणं.

बोलायची सुरुवातही ठरवून करावी लागते. “पोरीला का पाठवलं नाही?” असं विचारलं की पुढचं दार बंद. मी म्हणते, “ताई, कालपासून आम्ही नवीन गणित घेतलं, तिची आठवण झाली, म्हणून आले.” मग त्या स्वतःच सांगतात. त्या मुलीची आई म्हणाली, “म्याडम, वेचाले बाया भेटत नाई. मी घरी रायली त घरचा कापूस कोन वेचन? अन् लेकराले कोनाजवळ ठिवू?” या प्रश्नाला माझ्याकडे त्या दिवशी उत्तर नव्हतं, आणि मी तसं त्यांना सांगितलं. पण कारण नेमकं कळलं. तिला शाळा नको नव्हती. तिला भावाला ठेवायला जागा नव्हती.

चौदा घरं फिरून आमच्याकडे असं निघालं. सात मुलं सोंगणी-वेचणीच्या दिवसांत घरी राहतात, त्यातल्या पाच मुली धाकट्यांना सांभाळण्यासाठी. तीन मुलं आईबापांबरोबर कामाला बाहेरगावी जातात. दोघं आजारपणामुळे. आणि दोघं अशी की घरी कोणी अडवत नाही, पण तीच येत नाहीत. चौथीतला एक मुलगा घरून दप्तर घेऊन निघायचा आणि बंधाऱ्यावर बसायचा. त्याला अक्षरांपलीकडे वाचता येत नव्हतं, आणि वर्गात धडा वाचायची पाळी आली की पोटात दुखायचं.

वाचनाची आणि गणिताची पातळी तपासणे

विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या शेवटी उघडते. जुलैचे पहिले दोन आठवडे तपासणीला द्या. लेखी चाचणी पुरत नाही, कारण लेखीत बघून लिहिता येतं. प्रत्येक मुलाला एकट्याला, वर्गाबाहेर, झाडाखाली बसवा. ‘असर’च्या पाहणीतली पातळ्यांची रीत आपल्यापैकी बहुतेकांना माहीत आहे आणि तीच पुरेशी आहे. आधी चार सोप्या वाक्यांचा परिच्छेद द्यायचा. तो अडखळत, तीनपेक्षा जास्त चुका करत वाचला तर सुटे शब्द. पाचपैकी निदान चार शब्द वाचता आले नाहीत तर अक्षरं. परिच्छेद नीट वाचला तर थोडी मोठी गोष्ट. एका मुलाला पाच-सात मिनिटं लागतात.

इथं एक गोष्ट जपा. आपली मुलं वऱ्हाडी बोलतात. ‘काळा’ लिहिलेलं ती ‘काया’ वाचतात, ‘डोळा’ला ‘डोया’ म्हणतात, ‘पाणी’ला ‘पानी’. ही वाचनाची चूक धरायची नाही. मुलानं अक्षर ओळखलं आहे आणि आपल्या घरच्या तोंडानं म्हटलं आहे. बाहेरून बदलून आलेले शिक्षक हे नकळत चूक धरतात आणि शब्द वाचणारं मूल अक्षराच्या रांगेत जाऊन बसतं. शंका आली तर अर्थ विचारा. “काया म्हणजे कोणता रे?” त्यानं फळ्याकडे बोट दाखवलं की झालं.

गणितात मी दोनच गोष्टी आधी बघते, दोन अंकी संख्या ओळखता येतात का आणि हातच्याची वजाबाकी येते का. ५२ मधून २७ वजा करायला द्या. उत्तर ३५ आलं तर मुलानं सातातून दोन वजा केले आहेत, म्हणजे मोठ्या अंकातून लहान अंक काढायचा एवढाच नियम त्यानं धरला आहे. त्याला दशक मोडून सुटे करायचे असतात हे कधी दिसलेलंच नाही. अशा मुलाला आणखी पन्नास गणितं देऊन उपयोग नाही. तुराटीच्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे बांधून द्या आणि एक गठ्ठा त्याच्याच हातानं सोडवायला लावा. पण उत्तर २४ किंवा २६ आलं तर प्रश्न वेगळा, ती मोजण्यातली गफलत आहे. म्हणून चूक-बरोबर एवढंच न लिहिता मुलानं काढलेलं उत्तर जसंच्या तसं नोंदवा.

आमच्या ४६ मुलांत गोष्ट वाचणारी १५, परिच्छेदापर्यंत ९, शब्दांपर्यंत १०, अक्षरांपर्यंत ९ आणि अक्षरंही न येणारी ३ निघाली. दुसरीतली ११ मुलं यातून वेगळी काढली, कारण त्या वयात शब्दावर असणं काळजीचं नाही. तिसरी ते पाचवीच्या ३५ मुलांपैकी १३ जणांना परिच्छेद वाचता येत नव्हता.

दोन याद्या एकमेकींवर ठेवा

हा टप्पा वगळला तर बाकी सगळं वाया जातं. एक यादी कमी हजेरीची, दुसरी वाचता न येणाऱ्यांची. आमच्या चौदांपैकी ११ मुलं तिसरी ते पाचवीतली होती. त्यातल्या ९ जणांना परिच्छेद येत नव्हता, दोघांना येत होता. नियमित येणाऱ्या २४ मुलांपैकी मात्र फक्त ४ जणांना येत नव्हता.

या चौघांकडे मी जास्त वेळ थांबले. ती रोज शाळेत होती. म्हणजे त्यांच्या बाबतीत दोष हजेरीचा नव्हता, आमच्या वर्गात काहीतरी चुकत होतं. एक मुलगी पुस्तकातून सुंदर उतरवायची, पण फळ्यावरचं उतरवताना शेजारणीच्या वहीत बघायची. आम्ही तिला कॉपी करते म्हणून रागावलो होतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक आलं तेव्हा तिचे डोळे तपासून घेतले, तर तिला लांबचं दिसत नव्हतं. दोन भावंडं तांड्यावरची होती, घरी गोरमाटी बोलणारी. आईचं चित्र दाखवलं की ती ‘याडी’ म्हणायची आणि आम्ही ‘आ आईचा’वर अडून बसायचो. चौथा मुलगा शेवटच्या रांगेत शांत बसणारा, कधी त्रास न देणारा, म्हणून दोन वर्षं कोणाच्या नजरेतच आला नव्हता. या चौघांना ‘उपस्थिती वाढवणे’ या कलमाचा काडीचा उपयोग नव्हता. चौघांना चार वेगळ्या गोष्टी हव्या होत्या. चष्मा, घरच्या भाषेतले शब्द घेऊन सुरुवात (दोन भावंडांपैकी एकाला अक्षरं येत होती, दुसऱ्याला नाही, म्हणून तीही वेगवेगळी), आणि पहिली रांग.

आराखड्यातली ओळ कशी लिहायची

प्रत्येक ओळीत पाच गोष्टी हव्यात. आज काय आहे, कधीपर्यंत किती होईल, काय करणार, कोण करणार आणि झालं हे कशावरून कळणार. ‘उपस्थिती १०० टक्के करणे’ ही ओळ लिहू नका. ती पहिल्याच आठवड्यात खोटी ठरते आणि मग हजेरी पुन्हा सैल होते. आमची ओळ अशी होती : ‘८० टक्क्यांखालची मुलं १४ आहेत, एप्रिलअखेर ७ होतील. ऑक्टोबर ते जानेवारी या मुलांची हजेरी दर शनिवारी वेगळी मोजली जाईल.’ वाचनाची ओळ : ‘तिसरी ते पाचवीत परिच्छेद न येणारी १३ मुलं, दिवाळीपर्यंत ८, एप्रिलअखेर ३.’ याव्यतिरिक्त तिसरी मोठी ओळ घेऊ नका. तीन शिक्षकांच्या शाळेत याहून जास्त काही वर्षभर टिकत नाही.

हा आराखडा समितीसमोर नेताना बैठक अकरा वाजता शाळेत ठेवू नका. समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, म्हणजे मजूर आणि शेतकरीच. आम्ही रात्री आठला समाजमंदिरात बसतो. नावांची यादी तिथं वाचत नाही, फक्त संख्या सांगते. कोणाची पोर कच्ची आहे हे चारचौघांत कळलं तर ती आई पुन्हा दारात उभं करणार नाही. त्याच कारणानं पातळ्यांचा तक्ता नावांसह भिंतीवर लावणंही मला मान्य नाही. तो मुख्याध्यापकाच्या वहीत राहावा.

वेचणीच्या आधीच हालचाल

हजेरीचं सगळं काम दसऱ्याच्या आधी व्हायला हवं. कापूस फुटल्यावर कोणाला काही समजावता येत नाही.

धाकट्यांच्या प्रश्नावर आम्ही अंगणवाडी सेविकेबरोबर बसलो. तीन वर्षांवरची भावंडं अंगणवाडीत जाऊ शकतात, पण अंगणवाडी शाळेच्या आधी सुटते, आणि मग बहिणीला शाळा सोडून घरी जावं लागतं. सेविकेनं त्या चार-पाच लेकरांना सुटल्यावर आमच्या ओसरीवर आणून सोडायचं आणि आमच्या पहिलीच्या वर्गाजवळ बसवायचं असं ठरलं. तीन वर्षांखालच्यांसाठी पक्की सोय झाली नाही. दोन घरी आजी तयार झाल्या. त्या चौथीतल्या मुलीच्या घरी आजी नव्हती. तिला आम्ही सांगितलं, “भावाला घेऊन ये.” तो वर्गात रडतो, खेळतो, कधी झोपतो. शिस्तीच्या दृष्टीनं हे बरोबर नाही, असं मला केंद्राच्या बैठकीत ऐकवलं गेलं. पण डिसेंबरात ती २४ पैकी १७ दिवस आली. मागच्या वर्षी ९ आली होती.

बाहेरगावी जाणाऱ्या तीन मुलांसाठी वेगळं काम असतं. कुटुंब कधी निघणार हे मुकादमाच्या उचलीवरून आधीच कळतं, गावात चर्चा असते. निघण्याआधी आजी-आजोबांकडे मूल ठेवता येईल का ते विचारायचं. पुरेशी मुलं असतील तर हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव गट शिक्षण कार्यालयात वेळेत द्यायचा, दिवाळीनंतर दिलेल्या प्रस्तावाचा उपयोग होत नाही. मूल जाणारच असेल तर त्याच्या हातात शिक्षण हमी पत्रक द्यायचं, म्हणजे जिथं जाईल तिथल्या शाळेत बसता येतं, आणि त्यावर वाचनाची पातळी स्पष्ट शब्दांत लिहायची. ‘चौथी’ एवढंच लिहिलं तर तिकडच्या शिक्षकाला काय कळणार? ‘शब्द वाचतो, जोडाक्षरं येत नाहीत, ९९ पर्यंत संख्या येतात’ असं लिहिलं तर तो दुसऱ्या दिवसापासून कामाला लागू शकतो. आईबापांचा आणि मुकादमाचा असे दोन फोन नंबर घ्या. एक बंद पडतोच.

गावातच असलेल्या मुलांसाठी नियम एवढाच की सलग दोन दिवस आलं नाही तर तिसऱ्या संध्याकाळी घरी जायचं. आठवडा झाल्यावर जाणं म्हणजे फार उशीर. तोवर मुलाला वर्गात परतायची लाज वाटायला लागते.

पातळीनुसार तास

रोज सव्वा अकरा ते साडेबारा, म्हणजे उशिरा येणारी मुलं आलेली असतात आणि खिचडी व्हायची असते. या ७५ मिनिटांत दुसरी ते पाचवीचे वर्ग मोडायचे आणि पातळीप्रमाणे बसवायचं. आमचे गट झाले असे : अक्षरांपर्यंतची १२, शब्दांवरची १०, परिच्छेद आणि गोष्टीची २४. पहिलीची मुलं एका शिक्षिकेकडे वेगळी. बाकी तीन गट दोन शिक्षकांत.

सुरुवातीला मी एक चूक केली. मुख्याध्यापिकेनं अवघड काम घ्यावं म्हणून तळातला गट स्वतःकडे घेतला. पण बैठकीला, माहिती भरायला, पंचायत समितीत मलाच जावं लागतं. आठवड्यातले दीड-दोन दिवस तो गट रिकामा बसायचा, आणि अक्षरांवरच्या मुलांना एकट्यानं करता येण्यासारखं काही नसतं. आता तळातला आणि शब्दांचा हे दोन्ही गट आमच्या सरांकडे आहेत, आलटून पालटून, आणि २४ मुलांचा मोठा गट माझ्याकडे. मी नसले तरी ही मुलं गोष्टीची पुस्तकं वाचतात, एकमेकांना प्रश्न लिहून देतात. शाळा थांबत नाही.

तळातल्या गटात रोज तेच चार भाग ठेवा, मुलांना पुढं काय येणार हे माहीत असलं की वेळ वाया जात नाही. आधी चित्रावर किंवा काल गावात काय झालं यावर गप्पा, त्यांच्याच बोलीत. त्यातलंच एक वाक्य फळ्यावर लिहून बोट ठेवत सगळ्यांनी वाचणं. मग बाराखडीच्या तक्त्यावर खेळ, ‘क’च्या ओळीत ‘की’ शोध, ‘म’च्या ओळीत ‘मी’ शोध. शेवटी त्या वाक्यातले शब्द घेऊन स्वतः लिहिणं. “आज कापूस ओला हाय” असं वाक्य मुलीनं सांगितलं तर तसंच लिहा. प्रमाण मराठी पुस्तक वाचताना येईलच.

सरांनी सुरुवातीला विचारलं होतं, पाचवीला वार्षिक परीक्षा आहे, अभ्यासक्रम मागे पडला तर? प्रश्न योग्य होता. आम्ही ७५ मिनिटं भाषेच्या तासिकेतून घेतली आणि मोठ्या गटातल्या पाचवीच्या मुलांना त्यात पाचवीचंच पुस्तक दिलं. ज्यांना परिच्छेद येत नव्हता त्यांचं पाठ्यपुस्तक त्या तासाला सुटलं हे खरं आहे. पण ती मुलं ते पुस्तक वाचतच नव्हती.

याशिवाय आम्ही वर्षाचं नियोजन उलटवलं. जोडाक्षरं आणि हातच्याची वजाबाकी ऑगस्ट-सप्टेंबरात पुढं ओढली, सगळी मुलं हजर असतात तेव्हा. वेचणीच्या चार महिन्यांत या तासाला कोणतीही नवी मोठी कल्पना घेतली नाही, फक्त सराव. आणि फेब्रुवारीचे पहिले तीन आठवडे तीच जोडाक्षरं, तीच वजाबाकी पुन्हा. परत आलेल्या मुलाला आल्या दिवशी दहा मिनिटं तपासायचं आणि थेट त्याच्या गटात बसवायचं. चुकलेलं सगळं उतरवून काढ असं सांगितलं की ते मूल तिसऱ्या दिवशी पुन्हा गायब होतं.

दर सहा आठवड्यांनी

पुन्हा तपासणी करा, पण परिच्छेद वेगळा घ्या आणि तपासणारा बदला. ज्यानं शिकवलं त्याला आपलं मूल पुढं गेल्यासारखं वाटतंच. आमच्याकडे मी सरांचे गट तपासते, सर माझा. एखादं मूल दोन तपासण्यांत त्याच पातळीवर राहिलं, आणि हजेरी बरी असेल, तर त्याच पद्धतीनं आणखी सहा आठवडे काढू नका. डोळे, कान, घरची भाषा आणि बसायची जागा या चार गोष्टी तपासा.

या आराखड्याचं वर्षभरात कसं झालं ते सांगते. दिवाळीपर्यंत तेरापैकी पाच जण परिच्छेदावर आले. उरले ८, ठरवल्याप्रमाणे. पण जानेवारीच्या तपासणीत पुढं गेलेल्या त्या पाचांतलाच एक पुन्हा शब्दांवर घसरलेला निघाला, आणि ९ झाले. तो वेचणीत महिनाभर नव्हता. फेब्रुवारीच्या उजळणीनं तो परत आला. एप्रिलअखेर चार मुलं उरली, ठरवली होती तीन. बंधाऱ्यावर बसणारा मुलगा ऑगस्टपासून जवळजवळ रोज येत होता. त्याच्या घरी मी दोनदाच गेले. त्याला घरून बोलावण्यापेक्षा गटात त्याच्यासारखीच मुलं बसलेली दिसणं जास्त कामाला आलं. ८० टक्क्यांखालची मुलं १४ वरून ८ झाली, सात झाली नाहीत. त्यात बाहेरगावी जाणारी तिघंही होती. त्यांच्यासाठी वसतिगृहाचा प्रस्ताव आम्ही नोव्हेंबरात दिला होता.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी उरलेल्या चार मुलांची पानं काढून बसले. एक पाचवी पूर्ण करून दुसऱ्या गावच्या शाळेत जाणार होता, त्याच्या पातळीची चिठ्ठी मी स्वतः नेऊन दिली. दोघं बाहेरगावी जाणाऱ्यांपैकी. त्यांच्या नावापुढं लिहिलं, ‘प्रस्ताव १५ ऑगस्टच्या आत.’ चौथी तांड्यावरची, दोन भावंडांतली धाकटी. तिच्या नावापुढं लिहिलं, ‘जुलैत पहिले तीस शब्द गोरमाटीतले, आईला शाळेत बोलावून तिच्या तोंडून लिहून घ्यायचे.’